हातोड्याचा वार हलका का वाटतो? हिट स्टॉप आणि कॅमेरा शेकचा मेळ कसा घालायचा?

खटाटोपी

मंडळी, थर्ड पर्सन अ‍ॅक्शन गेम करतोय, युनिटीमध्ये, ६० एफपीएस धरून. नायकाकडे दोन शस्त्रं आहेत, छोटी तलवार आणि दोन हातांचा हातोडा. तलवार जमली. हातोडा मात्र उशीवर पडल्यासारखा वाटतो.

आत्ताची मांडणी अशी: हातोडा लागला की `Time.timeScale` शून्य, ९ फ्रेम म्हणजे ०.१५ सेकंद सगळं थांबतं. त्याच क्षणी कॅमेरा शेक सुरू होतो, ०.२ सेकंद चालतो आणि सरळ रेषेत कमी होत शून्यावर येतो. थांबा संपला की शत्रू मागे उडतो. आवाज दमदार आहे, धूळ आहे, ठिणग्या आहेत. तरी खेळणारे म्हणतात, "मोठा आहे, पण जड नाही."

थांबा वाढवून पाहिला, शेक वाढवून पाहिला. गेम नुसता जास्त हलतो, वार काही जड होत नाही. कुठे पाहायचं?

---

पळता_भुई

सोपं आहे रे. ९ फ्रेम कमी पडतायत. १५ कर. आणि शून्य नको, टाइमस्केल ०.०५ ठेव, म्हणजे थोडंसं सरकत राहतं आणि ते भारी दिसतं. मी सगळीकडे हेच करतो.

---

नीरव

९ फ्रेम अडकतोय म्हणजे ठिणग्या आणि धूळ त्याच क्षणी तयार होत असणार. प्रत्येक वेळी नवीन ऑब्जेक्ट बनवू नकोस, आधीच बनवून ठेव आणि फिरवून वापर. प्रोफायलर लावून गार्बेज कलेक्शन बघ. माझाही गेम असाच अडकायचा, पूलिंग केल्यावर लोण्यासारखा चालला.

---

खटाटोपी

@नीरव, अरे हे अडकणं मुद्दाम आहे :) वार लागल्यावर जाणूनबुजून थांबवतात तो थांबा. पूलिंग आहेच.

@पळता_भुई, १५ करून पाहिलं. एकट्या वाराला ठीक वाटतं, पण तीन शत्रू एका फटक्यात आले की गेम बंद पडल्यासारखा वाटतो. कधीकधी खरंच बंद पडतो, थांबा संपतच नाही. तो वेगळा प्रश्न असेल.

---

सावकाश

वेगळा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. आधी मूळ गोष्ट.

तुमचेच आकडे कागदावर मांडा. वार लागला तो फ्रेम ०. थांबा फ्रेम ९ ला संपतो. शेक १२ फ्रेमचा आहे, सरळ उतरतो आणि टाइमस्केल शून्य असतानाही चालतोय असं धरू. म्हणजे फ्रेम ९ ला, शत्रू उडतो त्या क्षणी, शेकची ताकद एक चतुर्थांश उरलेली असते. पुढच्या तीन फ्रेममध्ये तीही संपते. थोडक्यात, पडद्यावर काहीच हलत नसताना तुम्ही कॅमेरा हलवताय, आणि खरी हालचाल सुरू होते तेव्हा कॅमेरा शांत. शत्रू उडाला तो कुणीतरी अलगद उचलून ठेवल्यासारखा दिसणारच. आता शेकची ताकद दुप्पट केली तरी ती वाया जाणाऱ्या ९ फ्रेममध्येच दुप्पट होते. म्हणून "नुसता जास्त हलतो".

तलवारीला हे जाणवलं नाही कारण तिचा थांबा ३-४ फ्रेमचा असणार. तेवढ्यात शेक फारसा खर्ची पडत नाही, त्यामुळे दोन्ही एकदम सुरू केले तरी चालतं. थांबा ६ फ्रेमच्या पुढे गेला की हे दोन तुकड्यांत तोडावं लागतं, असा माझा हिशेब.

पहिला तुकडा फ्रेम ०-१ मध्ये. कॅमेरा वाराच्या दिशेने एकदाच झटका खातो आणि तिथेच थांबतो. डळमळ नाही, नुसता एक धक्का. हा आवाजाबरोबर जुळतो. मग थांबा संपेपर्यंत कॅमेरा जवळपास स्थिर. या ७-८ फ्रेममध्येच डोळ्याला दिसतं की हातोडा कुठे बसलाय आणि शरीर कसं वाकलंय. तिथे चित्र हलवलंत तर ज्याच्यासाठी थांबलात तेच पुसलं जातं. दुसरा तुकडा सुटकेच्या फ्रेमला. शत्रू उडायला लागतो, धूळ उठते, आणि तिथून १४-१८ फ्रेमचा खरा हादरा.

@पळता_भुई, ०.०५ ची कल्पना अर्धी बरोबर आहे. पूर्ण गोठलेलं चित्र लांब थांब्यात मेल्यासारखं दिसतं, हे खरं. पण ०.०५ ने १५ फ्रेममध्ये पाऊण फ्रेमएवढी हालचाल होते, ती कुणाला दिसणार? जिवंतपणा हवा असेल तर कॅमेऱ्याऐवजी मार खाणाऱ्याला थरथरवा. फायटिंग गेम्समध्ये हे फार पूर्वीपासून चालतं: मारणारा गोठलेला, आणि मार खाणाऱ्याचं चित्र एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे. नजर आपोआप त्याच्याकडे जाते.

---

पळता_भुई

पाऊण फ्रेम? गणित बरोबर आहे :D पण मग माझ्या गेममध्ये ते चांगलं का दिसतं?

---

सावकाश

तुमचे पार्टिकल्स टाइमस्केल न मानणारे असतील तर ठिणग्या पूर्ण वेगात उडतात आणि पात्रं थांबलेली दिसतात. ते छान दिसतं खरं. त्याचं श्रेय ०.०५ ला मिळतंय एवढंच.

---

टिंब

माझं २डी पिक्सेल आर्ट आहे, प्रश्न जरा वेगळा, पण इथेच विचारते. मला स्थिर कॅमेरा हे पटतं, कारण माझ्याकडे शेक चालू झाला की स्प्राइटच्या कडा उकळायला लागतात. कारण सापडलं: शेकचं अंतर २.३७ पिक्सेल असलं काहीतरी येत होतं. आता पूर्ण पिक्सेलला गोल करते. पण मग हळू उतरणारा शेक शेवटी १, १, १, ० असा पायऱ्या उतरताना दिसतो. यावर काही?

---

सावकाश

शेपूट कापा. दोन पिक्सेलच्या खाली आलं की थेट शून्य. पिक्सेल आर्टमध्ये छोटा आणि ठाम शेक चांगला दिसतो, लांबलचक उतार नाही.

---

खटाटोपी

@सावकाश, सांगितल्याप्रमाणे तोडलं. सुटकेचा हादरा आता दिसतो आणि मोठा फरक पडला. पण एक विचित्र गोष्ट. ६० एफपीएसला रेकॉर्ड करून व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पाहिली. फ्रेम ० ला शत्रू अजून आरामात उभा आहे! चेहऱ्यावर काही नाही, खांदे सरळ. हातोडा छातीपासून वीतभर लांब. आणि ९ च्या ९ फ्रेम तेच चित्र. थांबा संपल्यावर तो एकदम वाकलेला दिसतो आणि उडतो.

म्हणजे मी लोकांना ०.१५ सेकंद न लागलेला वार दाखवतोय.

---

सावकाश

फ्रेम मोजून पाहिलंत ते उत्तम केलंत. यात दोन गोष्टी एकत्र आल्यात.

शत्रूचं मार खाण्याचं अ‍ॅनिमेशन `CrossFade` ने सुरू करताय का? ०.१ किंवा ०.१५ चं मिश्रण असणार. मिश्रण सुरू झालं, त्याच फ्रेमला वेळ थांबवली, आता ते पुढे सरकणारच नाही. पूर्ण थांबाभर शत्रू ९५ टक्के जुन्या पोजमध्ये. जड वाराला मिश्रण नको. थेट त्या अ‍ॅनिमेशनच्या आतल्या, शरीर मोडलेल्या पोजवर उडी मारायची, ती पडद्यावर आणायची, मग गोठवायचं:

```csharp
anim.Play("HitHeavy", 0, 0.1f);
anim.Update(0f);
anim.speed = 0f;
```

मधली ओळ विसरू नका. तिच्याशिवाय नवी पोज पुढच्या मूल्यांकनापर्यंत लागू होत नाही. आणि सुटकेच्या फ्रेमला `anim.speed` परत १ करा. 0.1 च्या जागी तुमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये शरीर सगळ्यात जास्त वाकतं तो बिंदू घाला.

दुसरी गोष्ट हातोड्याची. टक्कर ओळखणारा आकार शस्त्रापेक्षा मोठा ठेवतात, खेळणाऱ्याला वार सहज लागावा म्हणून. त्यामुळे टक्कर नोंदली जाते तेव्हा हातोडा अजून वाटेत असतो. हातोड्यासारखं वेगवान अ‍ॅनिमेशन एका फ्रेममध्ये हातभर अंतर कापतं, त्यामुळे एक फ्रेम थांबून गोठवलं तर हातोडा अंगात रुतलेला दिसतो. मी रुतलेला पसंत करतो. लांब राहिलेल्यापेक्षा रुतलेला शंभर पटीने बरा, थोडा आत गेला तर कुणी तक्रार करत नाही. नुकसान मात्र टक्कर झाली त्याच क्षणी मोजा, फक्त गोठवणं एक फ्रेम उशिरा.

---

मधली_सुट्टी

मी गेम बनवत नाही, फक्त खेळते. एक तक्रार नोंदवून जाते. तुमच्या या हादऱ्यांनी मला मळमळतं. सेटिंगमध्ये शेक बंद करायची सोय असते, पण काही गेम्समध्ये ती बंद केली की वारच पोकळ वाटायला लागतात. असं का होतं?

---

सावकाश

कारण त्यांनी सगळं वजन शेकमध्ये ठेवलेलं असतं. थांबा, पोज, आवाज आणि शत्रूची थरथर ही चौकडी कॅमेऱ्याला हात न लावता चालते. मी उलट क्रमाने काम करतो: शेक शून्यावर ठेवून वार आधी जड करायचा, मग शेक घालायचा. शेकशिवाय वार पोकळ असेल तर त्रास शेकमध्ये नाहीच. आणि सेटिंगमध्ये सरकपट्टी द्या, नुसतं चालू-बंद नको. ती सरकपट्टी थांब्याला लागू करू नका, थांब्याने कुणाला मळमळत नाही.

---

मधली_सुट्टी

थांब्याने मळमळत नाही हे माझ्यापुरतं खरं. माझ्या भावाला मात्र तोच आवडत नाही, म्हणतो बटण दाबलेलं गिळलं जातं.

---

सावकाश

भाऊ बरोबर बोलतोय, पण दोष थांब्याचा नाही. टाइमस्केल शून्य असताना युनिटीत `FixedUpdate` चालतच नाही. कुणी बटण तिथे वाचत असेल तर थांब्यातलं दाबणं हरवलं. बटण `Update` मध्ये वाचायचं, थांब्यात दाबलेलं साठवायचं आणि सुटकेच्या पहिल्याच फ्रेमला वापरायचं. अनुभवी खेळाडू पुढचा वार नेमका थांब्यातच दाबतात, तो त्यांना श्वास घ्यायचा वेळ वाटतो. खटाटोपी, तुम्हीही तपासा.

---

खटाटोपी

तपासलं. उडी `FixedUpdate` मध्ये होती, वार `Update` मध्ये. उडी हलवली.

पोज बदलल्यावर मात्र कमाल झाली. सगळा शेक बंद करून पाहिलं, तरी हातोडा जड वाटतो. थांबा उलट ९ वरून ८ वर आणला. आता तो बंद पडण्याचा प्रश्न. कोड असा आहे:

```csharp
float old = Time.timeScale;
Time.timeScale = 0f;
yield return new WaitForSecondsRealtime(8f / 60f);
Time.timeScale = old;
```

---

टिंब

अगं बाई, हा सापळा मला माहितीये! एका फटक्यात दोन शत्रू लागले की हे दोनदा चालतं. पहिल्याचं `old` म्हणजे १. दुसरं सुरू होतं तोवर टाइमस्केल शून्य झालेला, म्हणून त्याचं `old` शून्य. पहिलं संपताना १ करतं, लगेच दुसरं शून्य करतं. झालं, गेम कायमचा थांबला. एकट्या शत्रूवर तपासलं तर कधीच दिसत नाही.

---

सावकाश

टिंब यांनी नेमकं सांगितलं. जुनी किंमत जपूच नका. "कधीपर्यंत थांबायचं" एवढं एकाच जागी ठेवा:

```csharp
stopUntil = Mathf.Max(stopUntil, Time.unscaledTime + d);
```

आणि `Update` मध्ये `Time.unscaledTime` हे `stopUntil` पेक्षा कमी असेल तर शून्य, नाहीतर १. पॉज मेनूही टाइमस्केल वापरत असेल तर तो निर्णयही इथेच आणा, नाहीतर मेनू उघडल्यावर गेम मागे चालू होईल. `Max` मुळे तीन शत्रू लागले तरी थांबा एकाचाच राहतो. काहीजण थांबे बेरजेने वाढवतात, मला ते पटत नाही. गर्दीत फिरवलेला हातोडा म्हणजे सुटल्याचा आनंद, तिथे अर्धा सेकंद गोठून बसायचं?

शेकलाही असाच न्याय. २०१६ च्या जीडीसीमध्ये स्क्विरल आयझरलो यांनी कॅमेऱ्यावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यातली पद्धत मी आजही वापरतो. शून्य ते १ मधला एक 'आघात' आकडा ठेवायचा. प्रत्येक वार त्यात भर घालतो, १ च्या वर जात नाही, वेळेनुसार तो सरळ उतरतो. प्रत्यक्ष शेक मात्र त्याच्या वर्गाइतका. म्हणजे आघात अर्धा उरला की शेक एक चतुर्थांश, आणि शेवट आपोआप मऊ होतो. हलवायला दर फ्रेमला नवा यादृच्छिक आकडा न घेता पर्लिन नॉइज. दर फ्रेमला नवा आकडा घेतलात तर १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तोच शेक वेगळा, बारीक गुणगुणणारा दिसतो.

हातोड्यासाठी नॉइजचा वेग कमी ठेवा, सेकंदाला ८ ते १२ हेलकावे. वेग वाढला की वीज लागल्यासारखं होतं, वजन जातं. ३डी असेल तर कॅमेरा सरकवण्यापेक्षा फिरवा, एक-दीड अंश पुरे. सरकवलात तर मागच्या भिंतीत शिरतो.

---

पळता_भुई

मी सिनेमशीन वापरतो. वेळ थांबली की माझा शेक मध्येच गोठतो, कॅमेरा तिरका राहतो आणि सुटल्यावर पुढे चालू होतो. त्यामुळे मला आपोआप "सुटकेनंतरचा हादरा" मिळतोय की!

---

सावकाश

मिळतोय, पण नशिबाने. कुठल्या कोनात गोठेल ते दर वेळी वेगळं. एखाद्या वाराला कॅमेरा शत्रूपासून दूर कललेला गोठतो आणि तो वार विनाकारण ढिला वाटतो. सिनेमशीन ब्रेनवर `Ignore Time Scale` ची खूण आहे, आणि इम्पल्स वापरत असाल तर `CinemachineImpulseManager.Instance.IgnoreTimeScale`. दोन्ही चालू करा आणि सुटकेचा इम्पल्स स्वतः वेळेवर सोडा.

---

पळता_भुई

करून बघतो. पण गोठलेला तिरका कॅमेरा मला आवडतो, हे सांगून ठेवतो.

---

खटाटोपी

@सावकाश, तुमचाच पहिला झटका म्हणजे फ्रेम १ ला कॅमेरा तिरका करून थांबवणंच ना? मग फरक फक्त दिशा ठरलेली असण्याचा.

---

सावकाश

हो, तेवढाच. आणि तो पुरेसा मोठा आहे. हातोडा वरून खाली येतो तर झटका खाली. आडवा फिरवला तर आडवा. उलट दिशेला दिलात तर शत्रूने तुम्हाला मारल्यासारखं वाटतं.

---

निळी_वाट

उशिरा आले धाग्यावर. वरचं सगळं एकट्याने खेळायच्या गेमला लागू आहे. आमचा चार जणांचा को-ऑप आहे. टाइमस्केल थांबवला तर मी मारल्यावर बाकीचे तिघेही गोठणार. म्हणून आम्ही फक्त मारणारा आणि मार खाणारा यांचं `anim.speed` शून्य करतो आणि त्यांची हालचाल हाताने थांबवतो. अडचण अशी की त्याच शत्रूला माझ्या थांब्यात दुसऱ्याने मारलं तर काय? तो दुसऱ्यांदा थांबतो, आणि चौघांनी लागोपाठ मारलं तर शत्रू हवेत लटकून राहतो, उडतच नाही.

---

सावकाश

दोन मार्ग पाहिलेत, पूर्ण समाधानकारक एकही नाही. एक, शत्रूचा थांबा त्याच्या पहिल्या वाराने ठरतो, पुढचे वार तो वाढवत नाहीत. मग दुसऱ्या खेळाडूला आपला हातोडा गोठलेला आणि शत्रू मधूनच निसटलेला दिसतो. दोन, मार खाणाऱ्याच्या एकूण थांब्याला कमाल मर्यादा, समजा २० फ्रेम, आणि त्यानंतर काही काळ नवा थांबा नाही, फक्त मारणाऱ्याचा. मी दुसरा निवडेन. पण तुमचे शत्रू मोठे आणि न उडणारे असतील तर पहिलाही चालेल.

---

निळी_वाट

बॉस उडत नाहीत, बारके उडतात. म्हणजे दोन्ही लागतील बहुतेक. आणि शेक? दुसऱ्याच्या हातोड्याने माझा कॅमेरा हलवायचा का? आमच्यात यावर दोन गट पडलेत.

---

टिंब

हलवू नका. मी न केलेल्या वाराने माझा पडदा हलला की मला वाटतं मलाच लागलं.

---

पळता_भुई

हलवा की! शेजारी एवढा हातोडा पडतोय आणि आपला कॅमेरा ढिम्म? अंतरानुसार कमी करा हवं तर.

---

सावकाश

जमिनीवर आपटणारा वार असेल तर अंतरानुसार थोडा, शत्रूच्या अंगावर बसणारा असेल तर नाही. पण दिशेचा झटका दुसऱ्याच्या पडद्यावर कधीच नको, टिंब म्हणतात तो घोटाळा तिथूनच होतो.

---

निळी_वाट

जमीन आणि अंग वेगळं करणं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही गटांना विचारते. खटाटोपी, तुमच्या हातोड्याचा जुना आणि नवा व्हिडिओ शेजारी शेजारी टाकता येईल का?

---

खटाटोपी

टाकतो, शेक पूर्ण बंद असलेला तिसराही टाकतो. आता हातोडा इतका बरा झालाय की तलवार त्याच्यापुढे हलकी वाटायला लागलीये. तिचा थांबा ३ वरून ४ करू की तशीच राहू देऊ?

---

पळता_भुई

५ कर.